गळतीचा हिशेब

आयटी सेवा देणाऱ्या कंपनीचा माल म्हणजे तिथल्या माणसांचे तास. परदेशातल्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळायला अमुक इतके इंजिनिअर बसवायचे आणि त्यांच्या कामाचे बिल महिन्याकाठी लावायचे, हा तो धंदा. त्यामुळे माणूस गेला की नुसती खुर्ची रिकामी होत नाही, त्या खुर्चीवरचे बिलही थांबते. माणसे नोकरी सोडून जाण्याच्या या प्रमाणाला कंपन्यांत 'अ‍ॅट्रिशन' म्हणतात. मराठीत त्याला गळती हा शब्द चपखल बसतो. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या भारतीय आयटी कंपन्या हा आकडा दर तिमाहीला जाहीर करतात. पण जाहीर होणारा टक्का आणि गळतीमुळे खरोखर होणारे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसे टिकवण्यासाठी किती आणि कुठे खर्च करायचा, हे दुसऱ्या गोष्टीवरून ठरायला हवे.

टक्का कसा निघतो

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी धरू. पुण्यातल्या हिंजवडीत तिचे कार्यालय आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिथे १,१८० माणसे होती, शेवटी १,२२०. म्हणजे सरासरी १,२००. वर्षभरात २४० जणांनी स्वतःहून राजीनामा दिला. २४० भागिले १,२००, म्हणजे गळती २० टक्के. कंपनीने काढलेले, निवृत्त झालेले आणि मृत्यू पावलेले यांची मोजणी यात नसते. साधारणपणे जाहीर होतो तो स्वेच्छेने गेलेल्यांचाच आकडा.

इथेच पहिली फसगत होते. समजा, चार तिमाहींत अनुक्रमे ७२, ६८, ६० आणि ४० राजीनामे आले. मागील बारा महिन्यांचा आकडा २० टक्के येतो. पण शेवटची तिमाही एकटी घेऊन चारने गुणली तर तो १३.३ टक्के होतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला गेल्या वर्षाची गोष्ट सांगतो, दुसरा सध्याची. बाजार पालटत असताना मागील बारा महिन्यांचा आकडा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे अलीकडेच दिसले. इन्फोसिसची गळती जून २०२२च्या तिमाहीअखेर २८.४ टक्क्यांवर पोहोचली होती. मार्च २०२४मध्ये ती १२.६ टक्के होती. टीसीएसचा आकडा सप्टेंबर २०२२मध्ये २१.५ टक्के होता, तो मार्च २०२४पर्यंत १२.५ टक्क्यांवर आला. कोरोनानंतर जगभरातून कामाचा लोंढा आला, तेव्हा सगळ्यांनाच माणसे हवी होती. तो ओसरला आणि सगळीकडचे राजीनामे घटले. २०२२ साली एखाद्या कंपनीने माणसे टिकवण्यासाठी पैसा ओतला असेल आणि २०२३ साली गळती घटली म्हणून स्वतःची पाठ थोपटली असेल, तर तो हिशेब कच्चा आहे. ज्यांनी काहीच केले नाही त्यांचीही गळती तेव्हा घटली होती.

एका राजीनाम्याची किंमत

वर उल्लेखलेल्या कंपनीत तीन फळ्या आहेत. तीन वर्षांपर्यंत अनुभव असलेली नवखी फळी ६०० जणांची, तीन ते आठ वर्षांची मधली फळी ४२० जणांची आणि त्याहून अनुभवी वरची फळी १८० जणांची. राजीनामे अनुक्रमे १२०, १०५ आणि १५. मधल्या फळीत ४२० पैकी १०५ गेले, म्हणजे चारातला एक.

आता मधल्या फळीतल्या एका इंजिनिअरचा राजीनामा हातात घेऊ. त्याचे पॅकेज वर्षाला १२ लाख, म्हणजे महिन्याला १ लाख. ग्राहकाकडून त्याच्या कामाचे महिन्याला २ लाख ४० हजार रुपये मिळतात. त्याच्यावरचे जागाभाडे, वीज, वाहतूक असे इतर खर्च बाजूला ठेवले, तर तो दरमहा १ लाख ४० हजार मागे ठेवतो.

राजीनाम्यानंतरचे कागदपत्र, लॅपटॉप परत घेणे, शेवटचा हिशेब यांत माणसांचा वेळ जातो. त्याचे १५ हजार धरू. शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी मात्र यात मिळवायची नाही. ती देणी त्याने आधीच कमावलेली असतात आणि कंपनीने त्यांची तरतूद केलेली असते. पुष्कळ हिशेबांत ती गळतीच्या खात्यावर टाकली जातात आणि आकडा उगाच फुगतो.

मग नवा माणूस शोधायचा. तो बाजारातून १४ लाख ४० हजारांना येतो. भरती करून देणाऱ्या एजन्सीचा रूढ दर वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार; ते झाले १ लाख २० हजार. मुलाखती घेणारे इंजिनिअर आपले काम सोडून बसतात, त्यात ऑफर स्वीकारून ऐनवेळी न येणाऱ्यांच्या मुलाखतीही धराव्या लागतात. शिवाय उमेदवाराच्या पूर्वेतिहासाची पडताळणी. या सगळ्यांचे ४० हजार. भरतीचा खर्च १ लाख ६० हजारांवर गेला.

जुना गेल्यावर नवा येईपर्यंत जागा एक महिना रिकामी राहिली. त्या महिन्याचे बिल बुडाले २ लाख ४० हजारांचे, पण पगारही वाचला १ लाखाचा. म्हणून नुकसान १ लाख ४० हजार. बुडालेले बिल अख्खे नुकसानीत लिहिणे ही या हिशेबातली नेहमीची चूक आहे.

नवा माणूस आल्यावर पहिला महिना तो दुसऱ्याच्या शेजारी बसून काम समजून घेतो. आयटीच्या भाषेत तो 'शॅडो' असतो आणि ग्राहक त्याचे पैसे देत नाही. या महिन्यात कंपनीला आधी मिळणारे १ लाख ४० हजार मिळत नाहीत आणि नव्याचा १ लाख २० हजारांचा पगार मात्र द्यावा लागतो. नुकसान २ लाख ६० हजारांचे. सगळ्या यादीतली ही सर्वांत मोठी रक्कम आहे, पण कोणत्याही पावतीवर ती दिसत नाही. पुढचे दोन महिने बिल सुरू होते, तरी त्याच्या चुका निस्तरायला सहकारी लागतात. त्यांच्या वेळेचे ५० हजार.

उरला पगारातला फरक. नव्याला २ लाख ४० हजार जास्त दिले जातात. जुना राहिला असता तरी त्याला ९ टक्के वाढ मिळाली असती, म्हणजे १ लाख ८ हजार. तेवढे वजा केले आणि शॅडोचा महिना आधीच मोजला म्हणून उरलेले अकरा महिने धरले, तर सुमारे १ लाख २० हजार येतात.

सगळी बेरीज ७ लाख ४५ हजार. त्याच्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे ६२ टक्के.

नवख्या फळीतला हिशेब वेगळाच निघतो. साडेचार लाखांचा मुलगा गेला तर त्याच्या जागी प्रशिक्षण घेऊन बेंचवर थांबलेला दुसरा फ्रेशर लगेच बसवता येतो आणि त्याचा पगारही कमी असतो. फ्रेशरच्या प्रशिक्षणाचा आणि त्या काळातल्या पगाराचा खर्च, शॅडोचा महिना हे सगळे धरून आणि पगारातली बचत वजा करून एका राजीनाम्याची किंमत २ लाखांच्या आसपास येते. आयटी कंपन्यांची रचना पिरॅमिडची असते, खाली रुंद आणि वर निमुळती. तळातले सगळेच टिकले आणि दरवर्षी वर सरकले, तर सरासरी पगार वाढत जातो आणि नफा आटतो. म्हणून तळातली थोडी गळती कंपनीच्या हिशेबात आधीच धरलेली असते. वरच्या फळीत मात्र ३० लाखांचा आर्किटेक्ट गेला आणि जागा तीन महिने रिकामी राहिली, तर त्याच रीतीने २० लाखांवर मजल जाते. त्याच्यामुळे टिकून असलेला ग्राहक गेला तर किती, हे त्यात आलेलेच नाही.

एकूण हिशेब असा: नवखी फळी २ कोटी ४० लाख, मधली ७ कोटी ८२ लाख, वरची ३ कोटी. मिळून १३ कोटी २२ लाख. डोईमागे सरासरी साडेपाच लाख पडते, पण साडेपाच लाखांचा राजीनामा कंपनीत एकही नाही. एकूण राजीनाम्यांपैकी ४४ टक्के मधल्या फळीतले आहेत आणि नुकसानीचा ५९ टक्के वाटा त्यांचा आहे. म्हणून पुढचा विचार याच १०५ जणांचा.

हा हिशेब कामाची रेलचेल असतानाचा आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. मंदी असेल, बेंचवर माणसे बसून असतील, तर गेलेल्याच्या जागी त्याच दिवशी दुसरा बसतो. भरतीचा खर्च नाही, रिकामा महिना नाही. अशा वेळी तोच राजीनामा दोन-तीन लाखांवर येतो आणि बेंचवरचाच माणूस गेला तर उलट पगार वाचतो. राजीनाम्याची किंमत म्हणूनच दर सहा महिन्यांनी नव्याने काढावी लागते.

फॉर्मवरचे कारण आणि खरे कारण

कंपनी सोडताना एक फॉर्म भरावा लागतो आणि मनुष्यबळ विभागाशी बोलणे होते. या कंपनीतल्या १०५ जणांपैकी ६३ जणांनी फॉर्मवर 'अधिक चांगली संधी' यावर खूण केली. २१ जणांनी 'वैयक्तिक कारण' लिहिले, ११ जणांनी 'उच्च शिक्षण', १० जणांनी 'इतर'. या माहितीवरून काहीही ठरवता येत नाही. चांगली संधी म्हणजे पगार, काम, गाव की साहेबापासून सुटका, हे त्यात कळत नाही. शिवाय जाणारा माणूस खरे का बोलेल? त्याला रिलीव्हिंग लेटर हवे असते, शेवटचा हिशेब वेळेवर हवा असतो आणि पुढची कंपनी जुन्या साहेबाला फोन करणार हेही त्याला ठाऊक असते.

म्हणून सहा महिन्यांनी, सगळी देणीघेणी मिटल्यावर, त्रयस्थ माणसाने फोन करून विचारण्याची पद्धत आहे. त्याला कंपनीकडच्या नोंदींची जोड द्यायची: नव्या ठिकाणी पगार किती वाढला, शेवटची बढती कधी मिळाली, एकाच प्रोजेक्टवर किती काळ होता, प्रोजेक्टमधून सोडण्याची विनंती केली होती का, रात्रपाळी किती. अशी सांगड घातल्यावर १०५ जणांची वाटणी अशी झाली: पगारातली तफावत ३८, जुन्या कामात अडकून पडणे २९, साहेब किंवा पाळीचा जाच १४, लग्न, आईवडील किंवा गावाकडे परतणे १६, शिक्षण ८.

तरीही ही यादी अर्धीच आहे, कारण तिच्यात फक्त गेलेले आहेत. अडकून पडल्यामुळे माणसे जातात असे म्हणायचे तर, अडकलेल्यांपैकी किती राहिले हेही पाहायला हवे. मधल्या फळीत एकाच प्रोजेक्टवर दोन वर्षांहून जास्त काळ असलेले १४० जण होते. त्यांतले ४९ गेले, म्हणजे ३५ टक्के. उरलेल्या २८० पैकी ५६ गेले, म्हणजे २० टक्के. फरक आहे. पण त्या १४० मध्येही दोन गट निघाले. ५० जणांनी प्रोजेक्ट बदलून मागितला होता आणि तो मिळाला नव्हता. त्यांतले ३० गेले, म्हणजे ६० टक्के. ज्यांनी मागितला नव्हता अशा ९० पैकी १९ गेले, म्हणजे २१ टक्के, जवळपास इतरांइतकेच. जुने काम हे आपोआप राजीनाम्याचे कारण ठरत नाही. नाकारलेली विनंती ठरते.

संशोधनातही हे दिसले आहे. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५८ साली मांडले की नोकरी सोडण्यामागे दोन प्रश्न असतात: इथून जावेसे वाटते का, आणि बाहेर जाणे सोपे आहे का. दुसऱ्याचे उत्तर बाजार देतो, त्यावर कंपनीचा ताबा नाही. १९९४ साली थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी त्यात भर घातली. असमाधान हळूहळू साचत जाऊन माणूस जातो हे नेहमीच खरे नसते. बरेचदा एखादा धक्का बसतो आणि तिथून विचार सुरू होतो. आयटीत असे धक्के सहज ओळखता येतात. शेजारी नव्याने आलेल्या तेवढ्याच अनुभवाच्या माणसाचा पगार कळणे, ऑनसाइट जाण्याची संधी दुसऱ्याला मिळणे, 'ग्राहक सोडत नाही' असे सांगून प्रोजेक्टमध्येच ठेवणे. यांतला तिसरा धक्का कंपनीच्या नोंदीत राजीनाम्याच्या कितीतरी आधी दिसतो.

साहेबाच्या जाचाबद्दल मात्र सावध राहावे लागते. मधल्या फळीच्या बारा-बारा जणांच्या साधारण ३५ टीम धरल्या, तर २५ टक्के गळतीने प्रत्येक टीममधून सरासरी तिघे जाणार. एखाद्या टीममधून पाच गेले की बोट साहेबाकडे जाते. पण कोणाचाही दोष नसताना केवळ योगायोगाने पाच किंवा अधिक जण जाण्याची शक्यता प्रत्येक टीममागे सुमारे १६ टक्के असते. ३५ टीममध्ये पाचसहा टीम निव्वळ योगायोगाने अशा दिसतील. एका वर्षाच्या आकड्यावर साहेबाला दोषी ठरवता येत नाही. सलग दोन वर्षे तेच झाले, गेलेल्यांनी वेगवेगळे विचारूनही तेच सांगितले आणि राहिलेल्यांचेही म्हणणे तसेच असले, तर संशयाला आधार मिळतो.

खर्च आणि कारण यांची सांगड

आता खर्चाकडे वळता येते. कोणताही उपाय परवडतो की नाही हे ठरवणारे सूत्र साधे आहे. उपायावर माणशी होणारा खर्च भागिले एका राजीनाम्याची किंमत. जे उत्तर येईल, तितक्या टक्क्यांनी त्या गटातली गळती उतरली तर खर्च जेमतेम भरून निघतो. त्याहून कमी उतरली तर उपाय तोट्यात.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: मधल्या फळीतल्या सगळ्यांना नेहमीच्या वाढीवर ८ टक्के जास्त द्यायचे. १२ लाखांवर ते माणशी ९६ हजार होतात आणि ४२० जणांचे ४ कोटी ३ लाख. ९६ हजार भागिले ७ लाख ४५ हजार, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. पण पगारामुळे जाणारे ४२० पैकी ३८, म्हणजे अवघे ९ टक्के आहेत. त्यांतला एकही गेला नाही तरी हा खर्च भरून निघणार नाही. याचे कारणही उघड आहे. ४२० पैकी ३१५ जण राहणारच होते आणि वाटलेल्या चार रुपयांतले तीन त्यांच्याकडे गेले. त्यांना वाढ देणे न्याय्य असू शकते, कदाचित आवश्यकही. पण तो पगाराचा खर्च आहे. गळती रोखण्याच्या खात्यावर तो लिहिला तर हिशेब खोटा ठरतो.

दुसरा उपाय निवडक पगारवाढीचा. ज्यांचा पगार त्याच कामावर बाहेरून घेतलेल्या नव्या माणसापेक्षा बराच खाली आहे, असे ८० जण निघाले. गेल्या वर्षी अशा ८० पैकी २६ जण पगारासाठी गेले होते, म्हणजे ३२ टक्क्यांहून थोडे जास्त. प्रत्येकाला दीड लाखाची दुरुस्ती दिली तर सूत्रानुसार गळती २० टक्क्यांनी उतरायला हवी. २६ पैकी १७ जण थांबले तरच खर्च निघेल. अशक्य नाही, पण सोपेही नाही. शिवाय ही वाढ दरवर्षीची आहे; पुढच्या वर्षी तोच १ कोटी २० लाखांचा बोजा पुन्हा येणार.

तिसरा उपाय कामात अडकलेल्यांसाठी. प्रोजेक्ट बदलून मागणाऱ्याला ठरावीक मुदतीत तो द्यायचा. हा उपाय फुकट वाटतो, पण नाही. नव्या प्रोजेक्टवर त्याचा एक महिना शॅडोत जातो, तेवढे २ लाख ४० हजारांचे बिल बुडते, आणि नव्या तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाचे २० हजार. माणशी २ लाख ६० हजार. सूत्र सांगते की गळती ३५ टक्क्यांनी उतरायला हवी. दोन वर्षांहून जास्त काळ एकाच जागी असलेल्या सगळ्यांना सरसकट बदली दिली तर हे होणारच नाही, कारण त्यांची एकूण गळतीच ३५ टक्के आहे. पण ज्यांनी मागणी केली त्यांच्यात ती ६० टक्के होती. अशा ३० जणांना बदली दिली तर एरवी १८ गेले असते. ती गळती इतरांसारखी २० टक्क्यांवर आली तर सहाच जातील आणि १२ राजीनामे टळतील. वाचले ८९ लाख, खर्च झाला ७८ लाख. ११ लाखांचा फायदा झाला आणि पुढच्या वर्षी खर्चही उरत नाही.

उरलेल्या कारणांसाठी फार लिहिण्यासारखे नाही. गावाकडे परतणाऱ्या १६ जणांपैकी ज्यांच्या ग्राहकाची सुरक्षेची अट आड येत नाही, त्यांना सांगली-जळगावहून काम करू देण्याचा खर्च नगण्य आहे. एक राजीनामा टळला तरी तो वसूल होतो. शिक्षणासाठी जाणाऱ्या ८ जणांवर खर्च करण्यात अर्थ नाही. साहेबाच्या तक्रारीत तथ्य निघाले तर साहेब बदलण्याला पैसा कमी आणि धैर्य जास्त लागते.

फसवे उपाय आणि खात्री करण्याची रीत

राजीनामा हाती पडल्यावर पगार वाढवून देण्याला 'काउंटर ऑफर' म्हणतात. ती सर्वांत नेमकी वाटते, कारण जाणारा कोण हे नक्की कळलेले असते. पण शेजारच्या टेबलवर त्याचा अर्थ लगेच लागतो: पगार हवा असेल तर बाहेरची ऑफर आणा. भारतीय आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड रूढ असल्याने याला आणखी जोर येतो. एक ऑफर खिशात असलेला माणूस त्या तीन महिन्यांत दुसरी, तिसरी शोधतो. एका काउंटर ऑफरचा खर्च लिहिताना तिच्यामुळे आलेले पुढचे राजीनामे कोणी मोजत नाही.

वर्षभर थांबण्याच्या अटीवर दिलेल्या बोनसची गोष्टही तशीच. अट संपली की तेराव्या महिन्यात राजीनाम्यांची रांग लागते. त्या बोनसने राजीनामा टळला नाही, पुढे ढकलला गेला. एखाद्या मोठ्या प्रोजेक्टच्या ऐन मोक्याच्या काळात तेवढेही उपयोगी असते, पण मग ते तसे लिहायला हवे. टळलेले आणि ढकललेले राजीनामे वेगळे काढायचे तर प्रत्येक उपायानंतर दोन वर्षे मोजावी लागतात.

उपायामुळेच फरक पडला हे कळण्यासाठी तुलनेला दुसरा गट लागतो. बदलीची सोय सगळीकडे एकदम सुरू न करता आधी निम्म्या विभागांत आणि सहा महिन्यांनी उरलेल्यांत सुरू केली, तर त्या सहा महिन्यांत दोन्ही गटांवर बाजाराचे वारे सारखेच वाहते. दोघांच्या गळतीत जो फरक दिसेल, तो बराचसा उपायाचा. अर्थात ३० जणांच्या गटात दोनचार राजीनामे इकडचे तिकडे योगायोगानेही होतात. एका फेरीवर निकाल न देता दोन-तीन फेऱ्या पाहाव्या लागतात.

हिशेबाच्या मर्यादाही आहेत. एकाच माणसाची दोन कारणे असतात, आणि पगारवाढ व बदली दोन्ही दिल्यावर टळलेला एकच राजीनामा दोन्ही खात्यांवर मिरवला जातो. कोणाचा राजीनामा लागणारा आणि कोणाचा नाही, हेही वरच्या आकड्यांत आलेले नाही. सुमार काम करणारा गेला तर ७ लाख ४५ हजारांचे नुकसान झाले असे म्हणणे कठीण.

या कंपनीने मधल्या फळीसाठी २ कोटी रुपये बाजूला ठेवले असतील, तर सरसकट वाढीत ते पुरणार नाहीत आणि वसूलही होणार नाहीत. पहिले ७८ लाख बदलीच्या मागणीवर जायला हवेत. त्यानंतर पगाराच्या दुरुस्तीला हात घालायचा, आणि तीही ८० जणांना एकदम न देता, ज्यांच्या जागी माणूस मिळायला सर्वांत वेळ लागतो त्यांच्यापासून सुरुवात करून. उरलेला पैसा खर्च करण्याची घाई नाही. १०५ पैकी निम्म्याहून थोडे कमी राजीनामे पगार आणि नाकारलेली बदली सोडून इतर कारणांचे किंवा आवाक्याबाहेरचे आहेत, आणि ते कोणत्याही तरतुदीने थांबणार नाहीत.